परदेशी उतरण्यापूर्वी पैशाची आणि फोनाची तजवीज

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कार्यवाहबाईंनी मला या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, त्याचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहेच. पुण्यातील कोणत्याही पेठेत, कोथरुडात किंवा औंधात एखादे तरी घर असे असते, की ज्याचा मुलगा अगर मुलगी परदेशी आहे. मग बाळंतपण येते, मुंज येते, नाहीतर नुसती आठवण येते, आणि एरव्ही स्वारगेटपलीकडे एकट्या न गेलेल्या आपल्यासारख्या बायका विमानात बसतात. भाजणी, मेतकूट, डिंकाचे लाडू यांची तयारी कशी करावी हे आपणांस कोणी शिकवावयास नको. बॅगेत काय भरावे हे आपण जाणतोच. तेव्हा बॅगेत न दिसणाऱ्या दोन गोष्टींबद्दल, म्हणजे तिकडचे चलन आणि तिकडे चालणारा फोन यांबद्दल, मी बोलणार आहे. माझी सारी नोकरी बँकेत झाली आणि त्यातली पुष्कळ वर्षे परकीय चलनाच्या टेबलावर गेली, एवढाच माझा अधिकार.

या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या धरतो. पैशाचे काम यजमानांकडे आणि फोनाचे काम नातवाकडे, अशी वाटणी होते. आजच्या काळात ही वाटणीच घोटाळ्याचे मूळ आहे. तुमचा पैसा तुमच्या कार्डात आहे, कार्डाची किल्ली बँकेकडून येणाऱ्या संदेशात आहे आणि तो संदेश येतो तुमच्या भारतातल्या नंबरावर. म्हणजे नंबर बंद पडला की पैशालाही कुलूप लागले. हे नीट समजावे म्हणून मी आपल्याच मंडळातील एका भगिनीचे उदाहरण घेते. नाव सांगत नाही. त्या समोरच बसल्या आहेत आणि हसत आहेत.

या बाई मुलीच्या बाळंतपणासाठी म्यूनिकला निघाल्या होत्या. शेंगेनचा पाहुण्यांचा व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहू देतो. त्यांचा मुक्काम ८८ दिवसांचा ठरला. मध्येच तीन दिवस स्वित्झर्लंड पाहून यावे, असा जावईबापूंचा बेत होता. हा बेत लक्षात असू द्या, तो पुढे कामास येणार आहे.

प्रथम रोख पैसा. आमच्या पिढीतील वडीलधारी माणसे सांगत, की एके काळी परदेशी जाणाऱ्याच्या हातावर आठ डॉलर टेकवीत आणि तेवढ्यावर तो विमानात बसे. आता तसे नाही. १ जून २००० पासून लागू झालेल्या फेमा कायद्याखाली आपल्याला भरपूर मोकळीक आहे. फिरण्यासाठी जाणाऱ्या माणसाला एका खेपेस सर्वसाधारणपणे ३,००० डॉलरइतके परकीय चलन नोटांच्या रूपात घेता येते. त्यापुढचे कार्डावर घ्यावे लागते. हे चलन प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून घेता येते, त्याहून आधी नाही. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या दुकानातून किंवा बँकेतून घ्यावे. लष्कर भागात महात्मा गांधी रस्त्याच्या बाजूस आणि डेक्कनकडे अशी दुकाने आहेत. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड बरोबर न्यावे. तेथे ए-२ नावाचा एक अर्ज भरून घेतात. रक्कम ५०,००० रुपयांच्या आत असली तर रोख देता येते, त्यापुढे चेकने अगर बँकेतून द्यावी लागते. वर्षाला दहा लाख रुपयांच्या पुढे गेल्यास कर आगाऊ कापला जातो, पण बाळंतपणाला निघालेल्या बाईला त्याची धास्ती नको.

आमच्या या भगिनींनी ४०० युरो रोख घेण्याचे ठरविले. मुलीच्या घरी राहावयाचे, तेव्हा तेवढे पुष्कळ. त्या दोन दुकानांत भाव विचारून आल्या. हिशेब सोपा जावा म्हणून मी आकडे थोडे गोल करून सांगते. पहिल्या दुकानाने युरोचा भाव १०२ रुपये ५० पैसे सांगितला, वर काही नाही. दुसऱ्याने १०१ रुपये ५० पैसे सांगितला आणि हळूच ‘सर्व्हिस चार्ज ५०० रुपये’ असे जोडले. बाई खुशीत होत्या, की दुसरे दुकान युरोमागे एक रुपयाने स्वस्त. आम्ही कागद घेऊन बसलो.

पहिल्या दुकानात ४०० युरोंचे ४१,००० रुपये झाले. चलन बदलण्यावर जीएसटी आहे, पण तो सगळ्या रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का धरतात आणि त्या एका टक्क्यावर १८ टक्के लावतात. म्हणजे ४१० रुपयांवर सुमारे ७४ रुपये. एकूण ४१,०७४ रुपये. दुसऱ्या दुकानात ४०,६०० रुपये, त्यावर तसाच कर ७३ रुपये, सर्व्हिस चार्ज ५०० रुपये आणि सर्व्हिस चार्जवर १८ टक्क्यांनी ९० रुपये. एकूण ४१,२६३ रुपये. स्वस्त दिसणारे दुकान १८९ रुपयांनी महाग पडले! तेव्हा भाव विचारूच नये. विचारावे ते असे : “४०० युरो माझ्या हातात पडेपर्यंत मी तुम्हांला एकूण किती रुपये द्यावयाचे?” हा एकच प्रश्न चार ठिकाणी विचारला की खरा भाव कळतो. मंडईत आपण हेच करतो. वजनकाट्याकडे पाहतो, आरडाओरड्याकडे नाही. विमानतळावरच्या खिडकीवर मात्र हा प्रश्न विचारावयास सवड नसते आणि तेथला भाव बहुधा पडेल असतो, म्हणून तेथवर काम ठेवू नये.

आता नोटा कोणत्या घ्याव्यात? दुकानदार सहज म्हणतो, “शंभराच्या चार घ्या, हलक्या पडतील.” त्या घेऊ नयेत. जर्मनीत अजून रोखीचा बराच रिवाज आहे. लहान बेकरीत, आठवडी बाजारात, कधीकधी उपाहारगृहातही ‘नूर बारत्सालुंग’ म्हणजे ‘फक्त रोख’ अशी पाटी आढळते. तीन युरोच्या पावासाठी शंभराची नोट पुढे केली तर बेकरीवाली नाराजीने पाहते आणि कित्येकदा नको म्हणते. म्हणून पाच, दहा, वीस आणि फार तर पन्नास अशा नोटा मागून घ्याव्यात. नाणी मात्र इकडे मिळत नाहीत. चलनाची दुकाने नोटांचाच व्यवहार करतात. तिकडे तर बाजारातली सामानाची गाडी साखळीतून सोडवावयास एका युरोचे नाणे लागते आणि रेल्वेस्थानकावरील स्वच्छतागृहातही बहुधा नाणे द्यावे लागते. आपल्या वयाच्या बाईला हे दुसरे कारण किती महत्त्वाचे, ते मी सांगावयास नको. आमच्या बाईंनी शेजारच्या घरी नुकत्याच परतलेल्या पाहुण्यांकडून पाचसहा नाणी मागून घेतली. ज्यांना तशी सोय नाही त्यांनी विमानतळावर उतरल्यावर पहिली पाण्याची बाटली नोटेने घ्यावी, की सुटे हाती येतात. आणि इथे भाजीवाल्याला फोन दाखवून पैसे देण्याची सवय तिथे विसरावी. २०२४ साली पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावर तिकिटासाठी आपले यूपीआय सुरू झाले, पण म्यूनिकच्या पाववाल्याकडे त्याचा उपयोग नाही.

बिल जपून ठेवावे. उरलेले चलन परत विकताना ते लागते.

रोखीनंतर कार्ड. बाईंनी बँकेतून युरो भरलेले फॉरेक्स कार्ड घेतले. त्याचा फायदा असा, की ज्या दिवशी भरले त्या दिवशीच भाव ठरून जातो; नंतर युरो वर गेला तरी झळ लागत नाही. आपले नेहमीचे बँकेचे कार्डही परदेशात चालते, परंतु बहुतेक बँका प्रत्येक खर्चावर दोन ते साडेतीन टक्के जादा घेतात. शिवाय एक अडचण अशी, की रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशातल्या वापरासाठी चालू असते. परदेशातला वापर आपण बँकेच्या ॲपमधून अगर शाखेत सांगून सुरू करावा लागतो. कित्येकींचे कार्ड परदेशातल्या दुकानात नाकारले जाते ते पैसे नसल्यामुळे नव्हे, तर ही कळ न फिरविल्यामुळे. आमच्या बाईंनी फॉरेक्स कार्ड हाताशी आणि नेहमीचे कार्ड आडवेळेस म्हणून, अशी दोन्ही घेतली, आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवली.

तिकडे दुकानात अगर पैशाच्या यंत्रापुढे कार्ड घातले की कधीकधी पडद्यावर प्रश्न येतो : रुपयांत द्यावयाचे की युरोत? रुपये हा आपला ओळखीचा शब्द, म्हणून बोट तिकडेच जाते. नेहमी युरोच निवडावे. रुपये निवडले की तो दुकानदार किंवा त्याच्या यंत्राचा मालक आपल्या मर्जीचा भाव लावून रुपये करतो, आणि तो भाव बँकेच्या भावापेक्षा जवळजवळ नेहमी वाईट असतो. फॉरेक्स कार्डावर तर युरो आधीच भरलेले असतात. त्यांचे रुपये करून पुन्हा युरो करण्यात दोनदा नुकसान.

येथवर सर्व ठीक होते. आता फोनाकडे वळू, कारण गंमत येथे आहे.

आमच्या बाईंचा भाचा हुशार मुलगा. त्याने सांगितले, “मावशी, तिकडे उतरलीस की इकडचे सिमकार्ड काढून टाक, तिकडचे घाल, स्वस्त पडेल.” ऐकावयास बरे वाटते. असाच सल्ला ऐकून माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी एका देशात काय अनुभव घेतला ते सांगते. त्यांनी भारतातले कार्ड काढून पेटीत ठेवले आणि तिकडचे घातले. चार दिवसांनी फॉरेक्स कार्डाचा पिन तीनदा चुकला व कार्ड अडले. ते सोडविण्यासाठी बँकेचे ॲप उघडले. ॲपने पाहिले, की फोनात नोंदलेले सिम नाही. म्हणून त्याने नव्याने ओळख मागितली. ओळखीचा आकडा, ज्याला आपण ओटीपी म्हणतो, तो गेला भारतातल्या नंबरावर आणि नंबर होता पेटीत. कार्ड पुन्हा फोनात घातले तर त्यावर रोमिंगच सुरू केलेले नव्हते. रोमिंग सुरू करण्याच्या विनंतीलाही पुन्हा त्याच नंबरावर संदेश! शेवटी पुण्यातील मुलाने कंपनीच्या दुकानात खेटे घातले, त्यात चार दिवस गेले. पैसे होते, कार्ड होते, फोन होता, आणि गृहस्थ मित्राकडून उसने घेत होते.

म्हणून पहिला नियम : भारतातले सिमकार्ड फोनातून काढावयाचे नाही. दुसरा नियम : त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सोय भारतातूनच, निघण्याच्या तीनचार दिवस आधी, सुरू करून घ्यावयाची. येथे एक फरक नीट लक्षात घ्या. रोमिंगची सोय सुरू असणे निराळे आणि रोमिंगचा पॅक घेणे निराळे. सोय सुरू असली की परदेशातल्या मनोऱ्याशी फोनाची गाठ पडते आणि बँकेचे संदेश येतात. आलेल्या संदेशाला आपल्या कंपन्या सामान्यतः काही आकारत नाहीत. पॅक म्हणजे त्यावर बोलणे आणि इंटरनेट वापरण्याची आगाऊ भरलेली रक्कम. पॅक नसताना कोणाचा फोन आला आणि उचलला, तर मिनिटाला पैसे पडतात. इंटरनेट चालू राहिले, तर त्याहून जास्त. तेव्हा पॅक नसेल तर त्या सिमचे ‘डेटा रोमिंग’ फोनाच्या सेटिंगमध्ये बंद ठेवावे. संदेश त्यामुळे अडत नाहीत.

मग घरच्यांशी बोलावयाचे कसे? त्यासाठी दुसरे सिम. आजकाल फोनात एक जागा खऱ्या कार्डाची आणि एक ई-सिमची असते. ई-सिम म्हणजे कार्डच नाही. कंपनी एक नक्षीचा चौकोन धाडते, तो फोनाने टिपला की सिम आत बसते. तुमच्या फोनात ही सोय आहे की नाही हे पाहावयाचे असेल तर फोन करावयाच्या जागी *#06# दाबा. जे आकडे येतील त्यांत EID असे लिहिलेली ओळ असली तर बहुधा सोय आहे. आमच्या बाईंच्या फोनात ती होती. ज्यांच्या फोनात नसेल त्यांना दोन कार्डांच्या जागा असलेला साधा फोनही चालतो.

ई-सिम घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. प्रवाशांसाठीची ई-सिम बहुधा नुसत्या इंटरनेटची असते. तिला नंबर नसतो, बोलणे व्हॉट्सॲपवरूनच करावयाचे. आणि ती घरच्या वायफायवर, पुण्यात बसूनच फोनात बसवावी. विमानतळावर उतरून बसवू म्हटले तर ती बसविण्यासाठीच इंटरनेट लागते. काही विमानतळांचे फुकट वायफायही ओळखीसाठी फोनावर संदेश धाडते. पुन्हा तेच चक्र! बसविली तरी मुदत कधीपासून धरतात ते विचारून घ्यावे. पुष्कळ पॅक तिकडच्या मनोऱ्याशी गाठ पडली की सुरू होतात, पण काही बसविल्या क्षणापासून मोजतात. आपल्याकडे परदेशी सिम विकावयास दूरसंचार विभागाची संमती लागते, म्हणून संमती असलेल्या कंपनीकडूनच घ्यावे.

बाईंसाठी आम्ही असे ठरविले. भारतातल्या नंबरावर रोमिंगची सोय आणि केवळ पहिल्या दिवसापुरता एक लहान पॅक, म्हणजे उतरताच जावयांना फोन करता यावा. शिवाय पंधरा दिवसांची ई-सिम. पुढच्या दोन महिन्यांसाठी मुलगी तिकडचे प्रीपेड कार्ड घेणार होती. ते पहिल्याच दिवशी का नाही, असे आपण विचाराल. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड कार्डाला ओळख पटवून द्यावी लागते. दुकानातून पाकीट विकत मिळते, परंतु पासपोर्ट दाखवून ओळख पटविल्याखेरीज ते चालू होत नाही. ही तपासणी कधी दुकानात, कधी टपाल कचेरीत, तर कधी फोनावरच्या चित्रातून होते. चित्रातून करताना भारतीय पासपोर्ट अडतो असेही कधी घडते. तेव्हा थकून उतरलेल्या बाईने त्या भानगडीत पडू नये. मुलीच्या सवडीने आठवड्याभरात होऊ द्यावे.

प्रवासात काय घडते ते आता पाहू. बाईंचे विमान मुंबईहून निघून आखाती देशात थांबणार होते. जर्मनीसाठी घेतलेला पॅक तेथे चालेलच असे नाही, पण फोन मात्र सुरू करताच तेथील मनोऱ्याला लटकतो. काही विमानांत तर विमानाचाच मनोरा असतो आणि त्याचे दर सर्वांत चढे. तेव्हा विमानात आणि मधल्या मुक्कामात फोन ‘एअरप्लेन’ अवस्थेत ठेवावा आणि हवे तर तेथील वायफाय वापरावे. म्यूनिकला उतरल्यावर ती अवस्था काढावी आणि पाच मिनिटे थांबावे. भारतीय सिमपुढे तिकडच्या कंपनीचे नाव उमटले म्हणजे रोमिंग लागले. ‘नो सर्व्हिस’ असेच राहिले तर फोन एकदा बंद करून चालू करावा. तरीही नाही, तर सेटिंगमध्ये नेटवर्क आपोआप निवडण्याची खूण काढून यादीतील एकेक नाव निवडून पाहावे. आपल्या कंपनीचा करार तिकडच्या सर्वच कंपन्यांशी असतो असे नाही, आणि फोन कधीकधी भलत्याच दारावर टकटक करीत बसतो.

आणखी एक क्षुल्लक दिसणारी बाब. आपल्या फोनात सगळ्यांचे नंबर दहा आकड्यांनी साठविलेले असतात. परदेशात तसा नंबर लावला की तो त्या देशातला समजला जातो आणि लागत नाही. निघण्यापूर्वी निदान घरचे, बँकेचे आणि डॉक्टरांचे नंबर +91 लावून पुन्हा साठवावेत. मुलीचा नंबर +49 सह कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये ठेवावा. फोनाची बॅटरी संपली तर तो कागद कोणालाही दाखविता येतो.

आता तो स्वित्झर्लंडचा बेत. युरोपीय संघातल्या देशांत २०१७ च्या जूनपासून असा नियम आहे, की जर्मनीतले कार्ड ऑस्ट्रियात किंवा फ्रान्समध्ये प्रवासात वापरले तरी जादा आकार नाही. जर्मनीचे कार्ड म्हणजे साऱ्या युरोपचे, अशी समजूत त्यावरून होते. स्वित्झर्लंड मात्र त्या संघात नाही. काही कंपन्या आपखुशीने त्या देशाला यादीत घालतात, काही नाही. आणि नसेल तर एका सायंकाळच्या छायाचित्रांत पॅक उडून जातो. इतकेच नव्हे, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या मधोमध बोडन नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या जर्मन काठावर बसलेल्या माणसाचा फोनही कधीकधी पलीकडचा स्विस मनोरा पकडतो. त्या भागात असताना नेटवर्क हाताने निवडून ठेवावे किंवा डेटा रोमिंग बंद करावे. पैशाचेही तसेच. तेथे फ्रँक चालतो. काही दुकाने युरोच्या नोटा घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये आणि भाव त्यांच्या मर्जीचा. युरो भरलेल्या कार्डाने फ्रँक काढले तर बँक चलन बदलण्याचा आकार लावते. तीन दिवसांसाठी वेगळे फ्रँक घेण्याची यातायात नको, हेही खरे. बाईंनी तो आकार सोसला, एकदाच यंत्रातून थोडे फ्रँक काढले आणि बाकी सारे कार्डाने दिले. दरखेपेस यंत्रातून काढण्याचा वेगळा आकार असतो, म्हणून वीस-वीस काढीत बसू नये.

एका गोष्टीवर मात्र आम्हांला अगदी शेवटच्या आठवड्यात लक्ष द्यावे लागले. बाईंचा भारतातला नंबर प्रीपेड. आपल्याकडे ८४ दिवसांचे रिचार्ज फार प्रचलित आहे, आणि मुक्काम ८८ दिवसांचा! निघण्याच्या आदल्या दिवशी भरलेले रिचार्ज परतीच्या चारपाच दिवस आधीच संपते. आधी बोलणे बंद पडते, पुढे येणारे संदेशही बंद होतात, आणि परतीच्या तिकिटात बदल करावयाचा झाला तर कार्डाचा ओटीपी नेमका त्याच दिवसांत हवा असतो. पुण्यातील मुलाला आम्ही कॅलेंडरवर ७५ व्या दिवसावर खूण करावयास लावली. त्या दिवशी त्याने घरबसल्या आईचे रिचार्ज केले. ज्या अमेरिकेत सहासहा महिने राहतात त्यांना तर ही खबरदारी फार आवश्यक आहे. तीन महिने न वापरलेला प्रीपेड नंबर कंपनी काढून घेऊन पुढे दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग आपल्या बँकेचा संदेश कोणा परक्याच्या फोनावर वाजतो.

व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारले, की एवढे सगळे करण्यापेक्षा संपूर्ण मुक्कामाचा रोमिंग पॅकच का घेऊ नये? जरूर घ्यावा, जर आठदहा दिवसांची सहल असेल तर. एकच सिम, एकच नंबर, डोक्याला ताप नाही. केसरीच्या असोत वा आणखी कोणाच्या, सहलीला जाणाऱ्यांना मी तेच सांगते. पण तीन महिन्यांत तो खर्च तिकडच्या प्रीपेडपेक्षा कितीतरी अधिक होतो. दुसऱ्या एका बाईंनी विचारले, की भारतातले रुपये बरोबर न्यावेत का? २५,००० रुपयांपर्यंत नेता आणि परत आणता येतात. तिकडे त्यांना कोणी विचारीत नाही, परंतु परत आल्यावर मुंबईच्या विमानतळावरून पुण्याची गाडी करावयास आणि लोणावळ्याला चहा घ्यावयास दोनतीन हजार वेगळ्या पाकिटात असलेले बरे. उरलेल्या युरोच्या नोटा २,००० डॉलरइतक्या आपल्याजवळ ठेवता येतात. त्याहून जास्त असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला अगर दुकानाला विकाव्यात. नाणी कोणी घेत नाही. आमच्या बाईंनी आपली उरलेली नाणी एका जुन्या कुंकवाच्या डबीत ठेवली आहेत. ज्या भगिनीला जर्मनीस जावयाचे असेल तिने ती मागून न्यावीत, असे त्यांनी मला येथे जाहीर करावयास सांगितले आहे.